एक डिकोडर, तीन उत्तरं

कागदावर बेरीज करताना आपण एका वेळी एकच स्तंभ हाताळतो. वरचा अंक, खालचा अंक आणि उजवीकडून आलेला हातचा, अशा तीन गोष्टी एकत्र करायच्या, स्तंभाखाली एक अंक लिहायचा आणि गरज पडली तर डावीकडे हातचा द्यायचा. संगणकातलं बेरजेचं सर्किटही हेच करतं. फरक इतकाच, की त्याच्या द्विमान पद्धतीत प्रत्येक अंक ० किंवा १ एवढाच असतो. तीन इनपुट आणि प्रत्येकाच्या दोन शक्यता, म्हणून एकूण प्रसंग आठच उद्भवतात. नववा प्रसंग संभवतच नाही.

या आठ प्रसंगांची आणि त्यांच्या उत्तरांची यादी म्हणजे ट्रुथ टेबल. पाठ्यपुस्तकांत बेरजेचं टेबल एका पानावर असतं आणि वजाबाकीचं पुढच्या पानावर. ती दोन्ही एकाच टेबलात लिहिली, तर एका डिकोडरच्या आणि तीन गेटच्या जोरावर दोन्ही कामं होतात. शिवाय हे सर्किट जोडायला बीजगणित लागत नाही, कारण टेबल हीच तारा जोडण्याची यादी असते.

इनपुटना ए, बी आणि सी म्हणू. बेरजेत ए आणि बी हे स्तंभातले दोन अंक आणि सी हा उजवीकडून आलेला हातचा. वजाबाकीत ए मधून बी वजा करायचा, आणि सी म्हणजे उजवीकडच्या घराने आधीच मागून नेलेला उसना. तोही वजाच करायचा. बेरजेचं उत्तर दोन भागांत येतं, खाली लिहायचा अंक आणि डावीकडे जाणारा हातचा. वजाबाकीचंही तसंच, खाली लिहायचा अंक आणि डावीकडून घ्यावा लागणारा उसना. द्विमान पद्धतीत बेरजेचा आणि वजाबाकीचा खालचा अंक दर वेळी सारखाच निघतो, त्यामुळे चार उत्तरांऐवजी तीनच स्तंभ पुरतात.

| ओळ | ए | बी | सी | खालचा अंक | हातचा | उसना |
|---|---|---|---|---|---|---|
| ० | ० | ० | ० | ० | ० | ० |
| १ | ० | ० | १ | १ | ० | १ |
| २ | ० | १ | ० | १ | ० | १ |
| ३ | ० | १ | १ | ० | १ | १ |
| ४ | १ | ० | ० | १ | ० | ० |
| ५ | १ | ० | १ | ० | १ | ० |
| ६ | १ | १ | ० | ० | १ | ० |
| ७ | १ | १ | १ | १ | १ | १ |

तिसरी ओळ तपासून बघा. बेरीज केली तर ०, १ आणि १ मिळून दोन होतात. द्विमान पद्धतीत दोन म्हणजे खाली ० आणि हातचा १. वजाबाकी केली तर शून्यातून एक आणि पुन्हा एक काढायचा आहे, म्हणून डावीकडून एक उसना घ्यावा लागतो. इथे त्या उसन्याची किंमत दोन. दोनातून दोन गेले, खाली ० राहिला आणि उसना १. टेबलात तेच लिहिलेलं आहे. ओळींना दिलेले ० ते ७ हे क्रमांक मनाचे नाहीत. ए, बी, सी या तीन अंकांची मिळून जी द्विमान संख्या होते, तोच ओळीचा क्रमांक. ०, १, १ म्हणजे तीन. १, ०, ० म्हणजे चार. पुढे हे क्रमांक सतत लागणार आहेत.

आता नेहमीचा मार्ग असा, की प्रत्येक स्तंभ सुटा घ्यायचा, त्याचा कार्नो नकाशा मांडायचा आणि शेजारशेजारच्या १ ची घरं एकत्र करून समीकरण लहान करायचं. मॉरिस कार्नो यांनी ही रीत १९५३ मध्ये मांडली आणि ती अजूनही शिकवली जाते. पण आपला पहिला स्तंभ नकाशावर मांडला की १ ची चार घरं बुद्धिबळाच्या पटावरच्या काळ्या घरांसारखी पसरतात. एकही १ दुसऱ्या १ च्या शेजारी येत नाही, त्यामुळे लहान करायला काही उरत नाही. हातच्याचा स्तंभ लहान होतो, कारण तिघांपैकी कुठल्याही दोघांचं १ वर एकमत झालं की उत्तर १ असतं. उसन्याचाही थोडा होतो. पण ही तीन वेगळी समीकरणं, तीन वेगळी जाळी आणि त्यांच्या तारा वेगळ्या. पुढे एखादा स्तंभ बदलायचा ठरला, तर त्याचा नकाशा पुन्हा मांडून त्याचं जाळं नव्याने जोडावं लागतं.

डिकोडर हे काम वेगळ्या बाजूने हाती घेतो. त्याला तीन इनपुट द्यायचे आणि त्याच्याकडून आठ आउटपुट घ्यायचे. इनपुटवर कुठलीही संख्या आली तरी आठांपैकी नेमकी त्याच क्रमांकाची लाइन जागी होते आणि बाकीच्या सात गप्प राहतात. इनपुट ०, १, १ असतील तर तीन क्रमांकाची लाइन, १, १, १ असतील तर सात क्रमांकाची. थोडक्यात, टेबलातल्या प्रत्येक ओळीची एक तार होऊन बाहेर येते. इनपुट ओळखण्याचं सगळं काम डिकोडरच्या पोटात एकदाच उरकतं, आणि त्याचा लाभ सगळ्या स्तंभांना मिळतो.

उरतं ते फक्त गोळा करणं. खालच्या अंकाच्या स्तंभात १ कुठे कुठे आहे? १, २, ४ आणि ७ या ओळींत. मग त्या चार लाइन एका ऑर गेटमध्ये सोडायच्या. ऑर गेटच्या इनपुटपैकी एकही १ झाला की त्याचं आउटपुट १ होतं, म्हणजे या चारांपैकी कुठलीही ओळ आली की उत्तर १. हातच्याच्या स्तंभासाठी ३, ५, ६ आणि ७ या लाइन दुसऱ्या ऑर गेटमध्ये. उसन्यासाठी १, २, ३ आणि ७ या तिसऱ्यात. सात क्रमांकाची लाइन तिन्ही गेटमध्ये जाते, कारण सातव्या ओळीत तिन्ही उत्तरं १ आहेत. शून्य क्रमांकाची लाइन कुठेच जात नाही, कारण त्या ओळीत १ नाही. एकच लाइन अनेक गेटना देता येते. या रीतीचं सगळं बळ त्यातच आहे: स्तंभ वाढवायचा तर एक गेट वाढवायचं, डिकोडरला हात लावायचा नाही.

पुस्तकातली आकृती इथे संपते. बाजारात मात्र या कामासाठी सर्रास मिळणारी आयसी ७४१३८, आणि तिची एक खोड माहीत असावी लागते. हिची जागी झालेली लाइन १ होत नाही, ० होते. गप्प असलेल्या सात लाइन १ वर असतात आणि निवडलेली एक खाली येते. अशा लाइन ऑर गेटला जोडल्या तर काय होईल? गेटच्या चार इनपुटपैकी कोणत्याही क्षणी फार तर एकच ० असेल, उरलेले तीन १ असतील. म्हणून आउटपुट कायम १ राहील. इनपुटचं बटण कुठलंही दाबा, दिवा पेटलेलाच. प्रयोगशाळेत तिन्ही दिवे एकदम पेटून तसेच राहिले आणि काही केल्या विझेनात, तर आधी गेट बघावं. तिथे बहुतेक ऑर गेट बसवलेलं असतं.

तिथे नँड गेट हवं. सगळे इनपुट १ असतील तरच नँडचं आउटपुट ० असतं. त्यांतला एक जरी ० झाला की आउटपुट १ होतं. आपल्याला नेमकं हेच पाहिजे, की चार लाइनपैकी कुठलीही एक खाली आली की उत्तर १ व्हावं. उलट्या लाइनवर नँड जे करतं, ते सुलट्या लाइनवर ऑर करतं, हे डी मॉर्गन यांच्या नियमातून निघतं. (हे ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ साली आपल्याकडे मदुरैत जन्मले, आयुष्याचा मोठा भाग त्यांनी लंडनमध्ये काढला.) म्हणून आकृतीत ऑर काढलेलं असलं, तरी ७४१३८ सोबत ब्रेडबोर्डवर नँडच बसतं.

आता प्रत्यक्ष जोडणी. चार इनपुटची दोन नँड गेट ७४२० या आयसीत मिळतात. आपल्याला तीन हवीत, म्हणून दोन ७४२० घ्यायच्या, एक गेट शिल्लक राहील. ७४१३८ च्या १६ व्या पिनला ५ व्होल्ट आणि ८ व्या पिनला ग्राउंड. लाइन ० ते ६ या अनुक्रमे १५, १४, १३, १२, ११, १० आणि ९ या पिनवर येतात, तर लाइन ७ ही ७ व्या पिनवर. पहिल्या ७४२० मधल्या एका गेटचे इनपुट १, २, ४ आणि ५ या पिनवर असतात आणि आउटपुट ६ वर. तिथे डिकोडरच्या १४, १३, ११ आणि ७ या पिनमधून तारा आणल्या की खालचा अंक तयार. दुसऱ्या गेटचे इनपुट ९, १०, १२, १३ वर आणि आउटपुट ८ वर. तिथे डिकोडरच्या १२, १०, ९ आणि ७ या पिनमधून तारा आणल्या की हातचा. दुसऱ्या ७४२० मध्ये १४, १३, १२ आणि ७ आणल्या की उसना. म्हणजे टेबलातल्या बारा १ साठी बारा तारा. ७४२० च्या ३ आणि ११ या पिन आत कशालाच जोडलेल्या नसतात. ओळीने तारा खोचत जाणारा हात नेमका ३ नंबरवर तार खोचतो आणि ती तार वाया जाते.

डिकोडरला आणखी तीन पिन असतात, ४, ५ आणि ६. या परवानगीच्या पिन. ६ व्या पिनला १ आणि ४ व ५ ला ० मिळाल्याशिवाय आयसी कामच करत नाही. टीटीएल जातीच्या आयसीत मोकळी सोडलेली पिन आतून बहुधा १ मानली जाते, त्यामुळे ६ वी मोकळी राहिली तर वेळ निभावते, पण ४ किंवा ५ मोकळी राहिली तर आयसी बंद. मग आठही लाइन १ वर, आणि नँडचं आउटपुट तिन्हीकडे ०. सगळे दिवे पेटलेले असतील तर गेट चुकलं, सगळे विझलेले असतील तर परवानगी चुकली, असा अंदाज पहिल्या नजरेत बांधता येतो.

सगळे दिवे चालतात पण एखादंच उत्तर चुकतं, तेव्हा तर शोध आणखी सोपा होतो. समजा पाचव्या ओळीला हातचा १ यायला हवा आणि ० येतोय. मग पाच क्रमांकाची लाइन हातच्याच्या गेटपर्यंत पोहोचलेलीच नाही. गेटची ती पिन मोकळी आहे, मोकळी पिन १ धरली जाते, आणि पाचवी ओळ आल्याचं गेटला कळत नाही. उलट चौथ्या ओळीला हातचा १ येत असेल, तर चार क्रमांकाची तार चुकून त्या गेटमध्ये शिरली आहे. चुकलेल्या ओळीचा क्रमांक हाच चुकलेल्या तारेचा पत्ता. लहान केलेल्या समीकरणावर बांधलेल्या जाळ्यात एक तार निसटली, तर दोन-तीन ओळी एकदम बिघडू शकतात आणि उलट दिशेने हिशोब करत बसावं लागतं. शिकवण्यासाठी डिकोडरची रीत मला जास्त पटते ती यामुळेच.

पण एक चूक अशी आहे, की ती या रीतीतही लपून बसते. पुस्तकात ए हा सगळ्यात डावीकडचा, म्हणजे सगळ्यात मोठ्या किमतीचा अंक. ७४१३८ च्या माहितीपत्रकात मात्र ए ही १ नंबरची पिन, आणि तिची किंमत सगळ्यात लहान. सी ही ३ नंबरची पिन आणि तिची किंमत सगळ्यात मोठी. नाव बघून पुस्तकातला ए आयसीच्या ए ला जोडला की ए आणि सी यांची अदलाबदल होते. ओळ १ आली की लाइन ४ खाली येते, ओळ ३ आली की लाइन ६. हे चुकीचं आहे, आणि तरीही बेरीज अचूक येते.

कारण बेरजेला कोण १ आहे याच्याशी देणंघेणं नसतं, किती जण १ आहेत एवढंच तिला लागतं. एकच १ असेल तर खालचा अंक १, मग तो ए असो की सी. कुठलेही दोन १ असतील तर हातचा. ए आणि सी बदलले तरी मोजणी तीच राहते. म्हणून ही चूक केलेलं सर्किट बेरजेच्या आठही ओळींत बिनचूक उत्तर देतं आणि जोडणी बरोबर आहे अशी खात्री पटते.

उसन्याच्या स्तंभात ही लपवाछपवी टिकत नाही. तिथे ए मधून वजा करायचं आहे आणि सी वजा होणार आहे. दोघांच्या भूमिका वेगळ्या आहेत. अदलाबदल झालेल्या सर्किटमध्ये उसना २, ४, ६ आणि ७ या ओळींना येतो, हवा असतो १, २, ३ आणि ७ ला. म्हणजे १, ३, ४ आणि ६ अशा चार ओळी चुकतात. चौथी ओळ तर सरळ अशक्य वाटते: एकातून काहीच वजा करायचं नाही, तरी सर्किट डावीकडून उसना मागतं. असं दिसलं की तारा एकेक तपासत बसू नये. डिकोडरच्या १ आणि ३ नंबरच्या पिनवरच्या तारा आपसांत बदलाव्यात, चारही ओळी एकदम सुधारतात.

एखाद्या स्तंभात १ जास्त आणि ० कमी असतील तर काम उलटं करावं. उलट्या लाइन इथे फायद्याच्याच ठरतात. घड्याळात दिसतो तो सात पट्ट्यांचा अंक घ्या. ० ते ९ पैकी वरची आडवी पट्टी फक्त १ आणि ४ या अंकांना विझलेली असते. ती पेटवण्यासाठी आठ लाइन गोळा करण्यापेक्षा, विझवण्याच्या दोनच लाइन दोन इनपुटच्या अँड गेटमध्ये घालाव्यात. त्यांतली कुठलीही खाली आली की अँडचं आउटपुट ० होतं आणि पट्टी विझते. एरवी ती पेटलेली राहते. उजवीकडची खालची उभी पट्टी तर फक्त २ या अंकाला विझते. तिला गेटच लागत नाही, दोन क्रमांकाची उलटी लाइन थेट तिचं उत्तर आहे. दहा आउटपुटची ७४४२ ही आयसी अशा कामाला सोयीची, तिच्याही लाइन उलट्याच. टेबल लिहून झालं की प्रत्येक स्तंभातले १ आणि ० मोजावेत, आणि जे कमी असतील त्यांच्या लाइन गोळा कराव्यात.

या रीतीला दोन मर्यादा आहेत. पहिली आकाराची. इनपुट एकाने वाढला की ओळी दुप्पट होतात. एका स्तंभाला आठ ओळी पुरल्या, पण चार-चार अंकांच्या दोन संख्या आणि एक हातचा एकदम घ्यायचे म्हटलं तर इनपुट होतात नऊ आणि ओळी ५१२. एवढा डिकोडर कोणी सुट्या आयसींनी बांधत नाही. तिथे चार स्तंभांची चार सर्किटं शेजारी मांडून एकाचा हातचा पुढच्याला देतात, जसं आपण कागदावर करतो. आणि खरोखरच शेकडो ओळी हव्या असतील, तर रॉम नावाची आयसी हेच काम करते. तिच्या पोटात डिकोडरच असतो आणि त्याच्यापुढे गोळा करणाऱ्या जोडण्यांचं जाळं असतं. आपलं सर्किट म्हणजे आठ ओळींची, प्रत्येक ओळीत तीन अंकांची छोटीशी रॉमच आहे.

दुसरी मर्यादा वेळेची. इनपुट बदलल्यावर डिकोडरची लाइन बदलायला वीसेक नॅनोसेकंद लागतात, आणि सगळ्या लाइन एकाच क्षणी बदलतील याची हमी नसते. ओळ ५ वरून ओळ ७ वर जाताना हातचा १ च राहायला हवा. पण पाच क्रमांकाची लाइन वर गेली आणि सातची अजून खाली आलेली नाही, अशा क्षणी गेटचे चारही इनपुट १ असतात आणि हातचा निमिषभर ० होतो. कार्नो नकाशाने लहान केलेल्या समीकरणात ए आणि सी या जोडीचं एक स्वतंत्र पद असतं आणि ते हा बदल होत असताना १ धरून ठेवतं; डिकोडरच्या रीतीत प्रत्येक ओळ सुटी असल्याने तसा आधार नसतो. दिव्यावर ही उडी डोळ्याला दिसत नाही. पण तोच हातचा एखाद्या काउंटरच्या घड्याळ-पिनला जोडला तर काउंटर जास्तीचं मोजतो. त्यासाठी उत्तर स्थिर होईपर्यंत थांबून, घड्याळाच्या ठोक्यावर ते फ्लिपफ्लॉपमध्ये टिपून घ्यावं. डिकोडरचं आउटपुट घड्याळ म्हणून थेट वापरू नये.

पदविका आणि पदवीच्या प्रयोगशाळांत हा प्रयोग बहुतेक ठिकाणी बेरजेवरच थांबतो. डिकोडर, दोन नँड, आठ ओळी तपासल्या आणि जर्नलवर सही. माझी शिक्षकांना विनंती आहे, की याच जोडणीत उसन्याचं तिसरं गेट करायला लावा आणि सही त्या स्तंभाच्या आठ ओळी पाहूनच करा. त्यासाठी आणखी एक ७४२० आणि चार तारा लागतात, आणि बेरजेने पास केलेली ए-सीची अदलाबदल तिथल्या तिथे पकडली जाते.